३६ चा नमुना, तिरकी समष्टी: पुस्तक म्हणतं ०.०६६८, माझा प्रयोग म्हणतो ०.०७४

अर्धविराम
दोन दिवस एका साध्या गणितावर अडकले आहे. गणित असं:

एका मदतकेंद्रावर येणाऱ्या फोनचा कालावधी एक्स्पोनेन्शियल आहे, सरासरी ४ मिनिटं. यादृच्छिक ३६ फोन निवडले. या ३६ फोनची सरासरी ५ मिनिटांपेक्षा जास्त असण्याची संभाव्यता काढा.

एक्स्पोनेन्शियलमध्ये प्रमाण विचलन सरासरीएवढंच असतं, म्हणजे तेही ४. मग नमुन्याच्या सरासरीचं प्रमाण विचलन ४/√३६ = ०.६६७. z = (५ − ४)/०.६६७ = १.५. तक्त्यातून ०.०६६८. पुस्तकाच्या मागेही हेच उत्तर आहे. इथपर्यंत सगळं ठीक.

मग मला हौस आली. संगणकावर ३६ आकडे काढायचे, सरासरी घ्यायची, ५ च्या वर गेली का बघायचं, हे १०,००० वेळा केलं. उत्तर आलं ०.०७४ च्या आसपास. परत चालवलं, तेच. चूक माझ्या कोडमध्ये आहे की पुस्तकात?

दुसरी शंका त्याहून बाळबोध आहे. त्यातल्या एका नमुन्याच्या ३६ आकड्यांचा आलेख काढला. घंटेसारखा अजिबात दिसत नाही, डावीकडे ढीग आणि उजवीकडे लांब शेपूट. मग "n ३० च्या वर गेला की नॉर्मल" म्हणजे नक्की काय नॉर्मल?

धडाकेबाज
काहीही चुकलेलं नाही. n ३० च्या वर आहे, प्रमेय लागू, ०.०६६८ बरोबर. प्रयोगात थोडंफार इकडेतिकडे होणारच, तो योगायोगाचा भाग. १०,००० च्या ऐवजी १० लाख वेळा चालवा, आपोआप ०.०६६८ वर येईल. मध्यवर्ती सीमा प्रमेय तेच तर सांगतं, आकडा मोठा केला की सगळं नॉर्मल होतं.

निशिगंध
मला तर तिसरंच उत्तर येतंय. एक्स्पोनेन्शियलसाठी तक्ता लागतच नाही. ५ पेक्षा जास्त असण्याची संभाव्यता सरळ e^(−५/४) = ०.२८६५. पुस्तक उगाच नॉर्मल वापरतंय असं वाटतं.

अर्धविराम
निशिगंध, ते *एक* फोन ५ मिनिटांहून लांब असण्याचं झालं ना? इथे ३६ फोनची सरासरी विचारली आहे.

धडाकेबाज, १० लाखांना माझं यंत्र रडेल, पण २ लाख वेळा चालवलं. हे घ्या:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
m = rng.exponential(4, (200000, 36)).mean(axis=1)
print((m > 5).mean(), (m < 3).mean())
```

पहिला आकडा ०.०७४ लाच चिकटून बसलाय. उलट आधी थोडा हलायचा, आता हलतही नाही. आणि दुसरा आकडा मी सहज घातला होता, ३ पेक्षा कमी. तो ०.०५६ येतो! नॉर्मल खरं असेल तर तो आणि पहिला सारखेच यायला हवेत, दोन्ही ०.०६६८.

निशिगंध
अरे हो, सरासरी. घाईत वाचलं. माझा प्रतिसाद रद्द समजा :)

जुना_खडू
अर्धविराम, तुझं कोड बरोबर आहे, पुस्तकाची रीतही बरोबर आहे, आणि खरं उत्तर तुझं आहे. पुस्तकाचा ०.०६६८ हा अंदाज आहे. तो अंदाज आहे हे पुस्तकानं मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं, ते कुणी लिहीत नाही.

आधी आलेखाची शंका मिटवू. तुझ्यासमोर तीन वेगळी वितरणं आहेत आणि तिन्हींची मनात सरमिसळ होते. एक समष्टी: सगळ्या फोनचे कालावधी, ते तिरकेच. दुसरं, हातातल्या एका नमुन्यातले ३६ आकडे. ते समष्टीची नक्कल करणार, म्हणजे तिरकेच दिसणार. n वाढवशील तसा हा आलेख घंटेकडे जाणार नाही, उलट आणखी स्वच्छपणे एक्स्पोनेन्शियल दिसू लागेल. तिसरं, तुझ्या `m` मधले २ लाख आकडे, प्रत्येक आकडा म्हणजे एकेका नमुन्याची सरासरी. प्रमेय फक्त या तिसऱ्याबद्दल बोलतं. त्याचा आलेख काढून बघ.

आता धडाकेबाज यांचं. तुम्ही म्हणता आकडा मोठा करा, पण इथे मोठे करण्याजोगे आकडे दोन आहेत. एक ३६, दुसरा २ लाख. प्रमेयातला n म्हणजे ३६. २ लाख हा प्रयोगाच्या फेऱ्यांचा आकडा. तो वाढवला की ३६ च्या नमुन्याचं *खरं* उत्तर जास्त बारकाईनं कळतं, बस. ते उत्तर नॉर्मलकडे सरकत नाही. दुर्बिणीची काच पुसली म्हणून डोंगर जवळ येत नाही.

१०,००० फेऱ्यांतसुद्धा हे ओळखता आलं असतं. तेवढ्या फेऱ्यांत ०.०७४ या प्रमाणाची प्रमाण त्रुटी √(०.०७४ × ०.९२६ / १००००), म्हणजे सुमारे ०.००२६. तुझा फरक ०.००७२ चा, जवळजवळ तिप्पट. एकदा आला असता तर योगायोग म्हटलं असतं. परत चालवून तोच आला, तेव्हाच संशय घ्यायचा.

जुना_खडू
मघाशी सांगायचं राहिलं. या गणिताचं नेमकं उत्तर प्रयोगाशिवायही काढता येतं आणि ती युक्ती मला फार आवडते.

समज, एकाच माणसानं हे ३६ फोन सलग घेतले, एक संपला की लगेच दुसरा. सरासरी ५ च्या वर म्हणजे एकूण वेळ १८० मिनिटांच्या वर. म्हणजे १८० वं मिनिट संपलं तरी ३६ वा फोन संपलेला नाही. म्हणजेच १८० मिनिटांत संपलेले फोन ३५ किंवा त्याहून कमी. आता कालावधी एक्स्पोनेन्शियल असताना ठरावीक वेळात संपणाऱ्या फोनची संख्या पॉयसन असते, आणि इथे तिची सरासरी १८०/४ = ४५. तर प्रश्न एवढाच उरला: सरासरी ४५ असलेला पॉयसन ३५ किंवा खाली असण्याची संभाव्यता किती?

```python
from scipy.stats import poisson
print(poisson.cdf(35, 45))
```

०.०७४ येईल. नॉर्मलचा कुठेही संबंध नाही.

अर्धविराम
काका, हे चालवून पाहिलं आणि खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले. १८० मिनिटांची युक्ती भारीच आहे.

`m` चा आलेखही काढला. घंटेसारखा दिसतो, पण नीट पाहिलं तर शिखर ४ च्या किंचित डावीकडे आहे आणि उजवी बाजू जरा ओढलेली. समष्टीचा तिरकेपणा पूर्ण गेलाच नाहीये!

पण मग हा फरक किती असणार हे आधी कळायला काही मार्ग?

जुना_खडू
आहे. एक्स्पोनेन्शियलची विषमता, म्हणजे तिरकेपणाचं माप, २. सरासरी घेतली की विषमता √n नं भागली जाते, म्हणजे इथे २/६ = ०.३३३. "ओढलेली बाजू" जी तुला दिसली ती हीच. ती शून्य होत नाही, हळूहळू विरते.

उजव्या शेपटीसाठी पहिली दुरुस्ती अशी: नॉर्मलच्या उत्तरात (विषमता/६) × (z² − १) × φ(z) मिळवायचं. φ म्हणजे घंटेची त्या जागची उंची, z = १.५ ला ०.१२९५. तर ०.३३३/६ × १.२५ × ०.१२९५ = ०.००९०. मिळवलं की ०.०७५८. खऱ्या ०.०७४२ च्या खूप जवळ. डाव्या बाजूला तेवढंच वजा: ०.०५७८, आणि खरं ०.०५५९.

आता गंमत बघ. (z² − १) या तुकड्यामुळे z = १ ला दुरुस्ती शून्य होते. गणितात ५ च्या ऐवजी ४.६७ विचारलं असतं, तर नॉर्मल ०.१५८७ म्हणाला असता आणि खरं उत्तर ०.१५७५ आलं असतं. तू प्रयोग केला असतास, दोन्ही जुळले म्हणून खूश होऊन पुस्तक मिटलं असतंस आणि हा धागाच निघाला नसता.

आणि दोन्ही शेपट्या एकत्र विचारल्या असत्या, ३ च्या खाली *किंवा* ५ च्या वर, तर? नॉर्मल: ०.१३३६. खरं: ०.०७४२ + ०.०५५९ = ०.१३०१. एक बाजू जेवढी जड तेवढीच दुसरी हलकी, चुका एकमेकींना खाऊन टाकतात. "३० पुरे" हा नियम इतकी वर्षं टिकला त्याचं एक कारण हे, असं माझं मत. लोक बहुतेकदा दुहेरी बाजूची गणितं करतात.

धडाकेबाज
दोन n ची गल्लत झाली, मान्य. पण काका, ०.०६७ आणि ०.०७४ मध्ये व्यवहारात काय फरक पडतो? शंभरात ७ ते शंभरात ७. उगाच केस कशाला विंचरायचे?

जुना_खडू
इथे नाही पडत, खरं आहे. पण अजून पुढे जा. सरासरी ६ च्या वर जाण्याची संभाव्यता काढा. z = ३, नॉर्मल म्हणतो ०.००१३५. खरं उत्तर ०.००३९ च्या घरात. जवळपास तिप्पट. साडेसातशेत एकदा होईल म्हणून सोडून दिलेली गोष्ट अडीचशेत एकदा होते. मदतकेंद्रावर किती माणसं बसवायची हे त्या आकड्यावर ठरत असेल तर फरक चांगलाच पडेल.

वर्गात मी म्हणायचो, मध्यवर्ती सीमा प्रमेय हे नावाप्रमाणे मध्यभागी चालतं, शेपटीत लंगडतं. (खरं तर पोल्यानं १९२० मध्ये हे नाव दिलं ते प्रमेय संभाव्यताशास्त्रात मध्यवर्ती आहे म्हणून. पण मुलांच्या लक्षात राहायचं.)

पाचवा_कोन
काका, आदर राखून एक खोडी काढतो. मध्यभागी चालतं म्हणता, पण तुमच्याच सूत्रात z = ० घाला. (० − १) × ०.३३३/६ × ०.३९८९, म्हणजे ०.०२२ चा फरक. सरासरी ४ च्या खाली असण्याची संभाव्यता नॉर्मल ०.५ सांगतो, खरी ०.५२२ आहे. म्हणजे सगळ्यात मोठी चूक बरोब्बर मध्यभागीच आहे की!

जुना_खडू
पकडलंत. बरोबर आहे, वजाबाकीनं बघितलं तर सर्वांत मोठी चूक मध्यभागी. मी भागाकारानं बघत होतो: ०.५ च्या जागी ०.५२२ म्हणजे सुमारे चार टक्के, आणि ०.००१३५ च्या जागी ०.००३९ म्हणजे तिप्पट. इतकी वर्षं ते वाक्य वर्गात म्हटलं, एकाही पोरानं हात वर केला नाही.

लॉगबुक
उशिरा येतोय, पण हाच प्रश्न मला कामावर छळतोय, म्हणून इथेच विचारतो. धागा भरकटला तर सांगा.

मी सर्व्हर सांभाळतो. दर तासाला यादृच्छिक ४० विनंत्या निवडून त्यांच्या प्रतिसादवेळेची सरासरी काढतो आणि सरासरी ± २ × s/√n असा ९५ टक्क्यांचा पट्टा अहवालात देतो. मागे एकदा पूर्ण लॉग हाती होता, म्हणून खऱ्या सरासरीशी ताडून पाहिलं. पट्टा विसात एकदा चुकायला हवा, तो त्याहून बराच जास्त वेळा चुकत होता. आणि चुकायचा तो जवळजवळ नेहमी एकाच बाजूला, अख्खा पट्टा खऱ्या सरासरीच्या *खाली*. वरिष्ठ म्हणाले ४० पुरेसे आहेत, ३० च्या वर आहेत ना.

प्रतिसादवेळेचा लॉगॅरिदम घेतला की आलेख छान घंटेसारखा दिसतो, नॅचरल लॉगवर प्रमाण विचलन साधारण १.

अर्धविराम
थांबा, हे उलटं नाही का? माझ्या गणितात *उजवी* शेपूट जड होती. म्हणजे नमुन्याची सरासरी चुकली तर जास्त करून वर चुकायला हवी. तुमचा पट्टा खाली कसा राहतो?

लॉगबुक
तेच तर कळत नाही. बोजड शेपटीमुळे मला वाटलं होतं पट्टा वर उडेल.

पाचवा_कोन
यातला फरक s मध्ये आहे. अर्धविराम यांच्या गणितात σ = ४ हा *दिलेला* आहे. लॉगबुक तो नमुन्यातूनच काढतात.

लॉगनॉर्मल, लॉगवर विचलन १ धरून एक हिशेब करतो. सगळ्यात हळू ५ टक्के विनंत्या वेगळ्या काढल्या, तर एकूण वेळेतला सुमारे २६ टक्के वाटा त्या एकट्या खातात. आता ४० विनंत्यांच्या नमुन्यात त्या ५ टक्क्यांतली एकही न येण्याची संभाव्यता ०.९५ चा ४० वा घात, सुमारे ०.१३. म्हणजे साधारण दर आठव्या तासाला तुमच्या हाती असा नमुना येतो ज्यात एकही खरी संथ विनंती नाही. त्या नमुन्याची सरासरी तर खाली येतेच, पण त्याबरोबर s सुद्धा आक्रसतो, कारण s फुगवणारे आकडेही तेच होते. पट्टा खाली सरकतो आणि नेमका तेव्हाच अरुंद होतो. चुकणार नाही तर काय?

उलट ज्या तासाला एखादी राक्षसी विनंती नमुन्यात सापडते, तेव्हा सरासरी वर उडते, पण s ही भसकन वाढतो आणि पट्टा इतका रुंद होतो की खरी सरासरी त्याच्या पोटातच राहते. म्हणून वरच्या बाजूची चूक दिसत नाही.

जुना_खडू
उत्तम सांगितलंत. एक जोड देतो. उजवीकडे तिरक्या समष्टीत नमुन्याची सरासरी आणि नमुन्याचं s² हातात हात घालून चालतात. एक्स्पोनेन्शियलमध्ये, नमुना मोठा असताना, त्यांचा सहसंबंध ०.७१ च्या आसपास भरतो. समष्टी नॉर्मल असेल तर तो शून्य, आणि तक्त्यातला टी नेमका त्या शून्यावर उभा आहे. म्हणून s वापरला की विषमतेची दिशाच उलटते: सरासरीचं वितरण उजवीकडे झुकलेलं, पण (सरासरी − μ)/(s/√n) याचं डावीकडे. अर्धविरामला जे उलटं वाटलं ते खरंच उलटं आहे.

निशिगंध
घाईत न वाचता विचारते: लॉगबुक, तुम्ही लॉग घेतला की घंटा दिसते म्हणता. मग लॉग घेऊनच पट्टा काढा की, आणि शेवटी उलटा घात घ्या. तिथे नॉर्मल पक्कं आहे.

पाचवा_कोन
पट्टा येईल, झकास येईल, पण भलत्याच गोष्टीचा. लॉगच्या सरासरीचा उलटा घात म्हणजे लॉगनॉर्मलचं मध्यक. विचलन १ असताना खरी सरासरी मध्यकाच्या १.६५ पट असते. "निम्म्या लोकांना किती वेळात उत्तर मिळतं" हवं असेल तर ही पद्धत उत्तम. यंत्रावरचा एकूण भार हवा असेल तर सरासरीच लागेल.

लॉगबुक
मला भारच हवा आहे. मग n किती घेऊ? सरळ आकडा सांगा, वरिष्ठांना गोष्ट सांगून चालत नाही.

पाचवा_कोन
कॉक्रनचा एक ठोकताळा आहे: n हा २५ × विषमतेचा वर्ग यापेक्षा मोठा हवा, म्हणजे ९५ टक्क्यांचा पट्टा ६ टक्क्यांहून जास्त वेळा चुकणार नाही. एक्स्पोनेन्शियलला २५ × ४ = १००. तुमच्या लॉगनॉर्मलची विषमता ६.१८ च्या आसपास, म्हणजे साडेनऊशेहून जास्त. ४० कुठे आणि ९५० कुठे.

धडाकेबाज
९५०!! आणि आम्ही आयुष्यभर ३० वर भागवलं.

जुना_खडू
कॉक्रनचा ठोकताळा मी मानतो, पण लॉगबुक यांच्या बाबतीत दोन गोष्टी खटकतात. एक, तो ठोकताळा मुख्यतः विषमतेवरच बोट ठेवता येतं अशा समष्टींसाठी आहे. इतक्या ओढलेल्या समष्टीत मी त्या ९५० वरही डोळे मिटून विसंबणार नाही. दुसरं, विषमता तुम्ही काढणार कुठून? ४० च्या नमुन्यातून काढली तर ती हमखास कमी येणार, त्याच कारणानं: संथ विनंत्या नमुन्यात नसतात. म्हणजे नियमाला जो आकडा हवा तो आकडाच नियम मोडला असताना खोटा येतो. पूर्ण लॉग हाती आहे तर त्यातून काढा.

पाचवा_कोन
हे पटतं. पण मग काय करायचं? मी असतो तर बूटस्ट्रॅपकडे वळलो असतो, म्हणजे हातातल्या नमुन्यातूनच परत परत नमुने काढून पट्टा ठरवला असता.

जुना_खडू
४० वर बूटस्ट्रॅप? जी संथ विनंती नमुन्यात आलीच नाही ती परत परत नमुना काढून येणार कुठून? थोडा सुधारेल, रोग जाणार नाही.

पाचवा_कोन
बूटस्ट्रॅप-टी केला तर निदान पट्टा उजवीकडे ताणला जातो, साध्या टी सारखा दोन्हीकडे समान राहत नाही. मला तरी अनुभव बरा आहे. इथे आपलं जमणार नाही काका.

जुना_खडू
नाही जमणार :) लॉगबुक, तुमच्याकडे संथ आणि जलद विनंत्या आधीच ओळखता येतात का? म्हणजे कुठल्या प्रकारची विनंती हमखास वेळ खाते हे माहीत आहे का? असेल तर ४० सरसकट उचलण्याऐवजी दोन गट करा आणि संथ गटातून मुद्दाम जास्त घ्या, मग गटाच्या खऱ्या प्रमाणानुसार वजन देऊन सरासरी काढा.

लॉगबुक
काही प्रमाणात ओळखता येतात. मोठे अहवाल मागणाऱ्या विनंत्या बहुतेक संथ असतात. पण काही साध्या विनंत्याही मधूनच अडकतात, त्या आधी कळत नाहीत. करून बघतो आणि इथे कळवतो.

अर्धविराम
मधल्या वेळात मी n वाढवून पाहिलं, z तोच १.५ ठेवून. n = १०० ला सीमा ४.६ मिनिटं, संभाव्यता ०.०७१६. n = ४०० ला सीमा ४.३, संभाव्यता ०.०६९४. नॉर्मलचा ०.०६६८ अजून लागलाच नाही. नमुना ३६ वरून ४०० केला, अकरा पट, आणि फरक ०.००७४ वरून ०.००२६ वर आला, म्हणजे जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर.

काका, परीक्षेत काय लिहू? ०.०६६८ की ०.०७४?

जुना_खडू
प्रश्नात "प्रमेय वापरून" किंवा "अंदाजे" असं लिहिलं असेल तर ०.०६६८, आणि उत्तरात ≈ चिन्ह टाक, = नको. तसं काही लिहिलेलं नसेल तर मी तपासनीस असतो तर ०.०७४ ला पूर्ण गुण दिले असते. पण तुझा पेपर मी तपासणार नाही.

धडाकेबाज
≈ टाकून ०.०६६८ लिहा आणि खाली कंसात "उजवी शेपूट जड" लिहा. तपासनीसाला कोड्यात पडू द्या.

अर्धविराम
:)) बघते. लॉगबुक, दोन गट करून काय झालं ते नक्की लिहा, मी धाग्यावर लक्ष ठेवून आहे.